एका किडनीवरचे नऊ महिने

गरोदर स्त्रीच्या रक्ततपासणीचा कागद हातात आला की घरातले सगळे आधी एकच गोष्ट पाहतात: एखादा आकडा ठळक अक्षरांत छापलाय का? नसला तर सगळे ठीक. क्रिएटिनीनच्या बाबतीत मात्र या सवयीने फसगत होऊ शकते. प्रयोगशाळेच्या कागदावर क्रिएटिनीनची मर्यादा साधारण 0.6 ते 1.1 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अशी छापलेली असते. ती गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी ठरवलेली आहे. सातव्या-आठव्या महिन्यात एखादीचे क्रिएटिनीन 0.9 आले, तर ते या चौकटीत आरामात बसते आणि कागदावर कोणतीही खूण उमटत नाही. पण त्या महिन्यात 0.9 हा आकडा बहुतेक वेळा चढलेला असतो. ज्या स्त्रीला एकच किडनी आहे, तिच्यासाठी तर त्याचा छडा त्याच आठवड्यात लावायला हवा.

क्रिएटिनीन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. किडनी तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. गाळण कमी झाली की तो रक्तात साठतो, वाढली की रक्तातला आकडा खाली येतो. दिवस राहिल्यावर अगदी पहिल्या काही आठवड्यांतच शरीरातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, किडनीकडे जाणारे रक्त वाढते आणि पहिली तिमाही संपता संपता गाळणीचा वेग आधीपेक्षा जवळजवळ दीडपट होतो. त्यामुळे निरोगी स्त्रीचे क्रिएटिनीन 0.7 किंवा 0.8 वरून 0.5 च्या आसपास उतरते. दुसऱ्या तिमाहीत ते सर्वांत खाली असते आणि शेवटच्या महिन्यांत किंचित वर सरकते. गरोदरपणात ते 0.87 च्या वर गेले तर किडनीचे काम नीट चाललेले नाही असे धरून पुढची तपासणी करावी, असे या क्षेत्रातले डॉक्टर मानतात.

एरवी कागदावर क्रिएटिनीनच्या शेजारी ईजीएफआर नावाचा आणखी एक आकडा छापलेला असतो. वय आणि क्रिएटिनीन यांवरून सूत्राने काढलेला तो गाळणीचा अंदाज असतो. गरोदरपणात हे सूत्र लागू पडत नाही, म्हणून त्या नऊ महिन्यांत त्याच्याकडे पाहू नये. पाहायचे ते स्वतःच्या क्रिएटिनीनकडे, आणि तेही आधीच्या आकड्याशेजारी ठेवून.

एकच किडनी असणे ही वाटते तितकी दुर्मीळ गोष्ट नाही. हजार-दोन हजार जन्मांमागे एका बाळाला जन्मतःच एक किडनी नसते. पुष्कळ मुलींना हे लग्नानंतर, पहिल्या सोनोग्राफीच्या टेबलावर कळते. काहींची एक किडनी मुतखड्यामुळे, जंतुसंसर्गामुळे किंवा गाठीमुळे काढून टाकलेली असते. काहींनी ती भावाला, नवऱ्याला, मुलाला दिलेली असते. आपल्याकडे किडनी देणाऱ्या नातेवाइकांत बायकाच अधिक असतात. उरलेली किडनी आकाराने वाढते आणि काम अंगावर घेते. दात्यांमध्ये ती काही महिन्यांत आधीच्या एकूण कामाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचते. जन्मापासून एकटी असलेली किडनी तर आईच्या पोटातच मोठी व्हायला लागते.

अशा किडनीवर गरोदरपण पेलते का? 1956 मध्ये बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एडिथ हेल्म या तरुणीवर तिच्या जुळ्या बहिणीची, वांडाची किडनी बसवली. हुबेहूब जुळ्या असल्याने शरीराने ती नाकारली नाही. 1958 मध्ये एडिथला बाळ झाले. किडनी प्रत्यारोपणानंतरचे नोंदवलेले ते पहिले बाळंतपण. एका बहिणीची किडनी दुसरीच्या ओटीपोटात बसवलेली, काम करणारी ती एकच, आणि तिने नऊ महिने निभावले. तेव्हापासून अनुभव खूप साठला आहे. किडनी निरोगी, रक्तदाब ठीक आणि लघवीत प्रथिने जात नसतील, तर एक किडनी असलेल्या बहुतेक स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप होते. धोका मात्र शून्य होत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 85 दात्या स्त्रियांच्या नंतरच्या गरोदरपणांची तशाच निरोगी स्त्रियांशी तुलना झाली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब किंवा प्रीएक्लॅम्पसिया दात्यांमध्ये 11 टक्के आणि इतरांमध्ये 5 टक्के आढळला. लवकर प्रसूती किंवा कमी वजनाचे बाळ यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

किडनी आधीच आजारी असेल तर चित्र वेगळे असते. गरोदरपणापूर्वीचे क्रिएटिनीन 1.4 च्या वर असले की धोके झपाट्याने वाढतात. 2 च्या पुढे असले तर बाळंतपणात किडनीचे काम कायमचे घटण्याची भीती खरी असते आणि काहींना पुढे डायलिसिसची वेळ येते. अशा स्त्रीने दिवस राहण्याआधीच नेफ्रॉलॉजिस्टशी बसून बोलायला हवे, कारण किडनीसाठी चालू असलेली रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी काही औषधे पोटातल्या बाळाला अपायकारक असतात आणि वेळेत बदलावी लागतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. ही मीनल कल्पित आहे, पण तिच्या वाट्याला येणारी प्रत्येक गोष्ट डॉक्टरांच्या ओळखीची आहे. वय सत्तावीस, राहणार चिंचवड, माहेर बार्शीजवळच्या गावात. लग्नाआधी पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत डावी किडनी जन्मतःच नसल्याचे कळले. उजवी मोठी आणि निरोगी. लग्नानंतर मूल हवे असे ठरल्यावर डॉक्टरांनी तिचे क्रिएटिनीन, लघवीतली प्रथिने आणि रक्तदाब पाहून ठेवला. क्रिएटिनीन 0.8, लघवी स्वच्छ, रक्तदाब 112/70. पुढच्या नऊ महिन्यांतले सगळे आकडे या 0.8 शी ताडून पाहायचे होते, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर तो लाल पेनने लिहिला गेला.

जन्मतः एक किडनी नसलेल्या मुलीत गर्भाशयाची घडणही कधीकधी वेगळी असते, कारण गर्भावस्थेत हे दोन्ही अवयव शेजारी शेजारी, एकमेकांच्या सोबतीने घडतात. एकाच बाजूचे किंवा दुभंगलेले गर्भाशय असेल तर बाळ पायाळू राहणे किंवा लवकर प्रसूती होणे यांची शक्यता वाढते. म्हणून मीनलच्या सुरुवातीच्या सोनोग्राफीत गर्भाशयाचा आकार मुद्दाम पाहिला. तो नेहमीसारखाच निघाला. अठराव्या ते विसाव्या आठवड्यांतल्या सोनोग्राफीत बाळाच्या दोन्ही किडन्या दिसतात का, हेही नेमके विचारून घेतले, कारण असा दोष काही घराण्यांत पुन्हा आढळतो.

दहाव्या आठवड्यात क्रिएटिनीन 0.6 आले, विसाव्या आठवड्यात 0.5. किडनीने गरोदरपणाचा जादा भार घेतला, हे या उतरणीवरून कळले. ही घसरण झालीच नसती, आकडा 0.8 वरच थांबला असता, तर त्या किडनीत राखीव ताकद कमी आहे असा संशय घेऊन तपासण्या जवळ जवळ आणाव्या लागल्या असत्या. न उतरलेला आकडा हाही इशाराच असतो आणि तो सर्वांत जास्त नजरेआड होतो.

बाराव्या आठवड्यापासून तिला रात्री ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू झाली. प्रीएक्लॅम्पसियाचा धोका असलेल्या स्त्रियांना 75 ते 150 मिलिग्रॅमची ही गोळी साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत देतात. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायची. दर भेटीला रक्तदाब आणि लघवीची पट्टी, आणि दर चार-सहा आठवड्यांनी लघवीचे कल्चर. लघवीत जंतू असूनही अनेकींना काहीच त्रास जाणवत नाही. गरोदरपणात मूत्रमार्ग सैलावलेले असतात, त्यामुळे ते जंतू सहज वर चढून किडनीपर्यंत पोचतात. दोन किडन्या असलेल्या बाईला थंडी-ताप आणि कंबरदुखीने आजार कळतो आणि दुसरी किडनी तोवर सांभाळून घेते. इथे दुसरी नाही. म्हणून लक्षण नसले तरी कल्चर, आणि जंतू सापडले तर औषधांचा पूर्ण कोर्स आणि नंतर पुन्हा कल्चर. प्रवासात किंवा कामावर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी न पिण्याची आणि लघवी तुंबवून ठेवण्याची आपल्या बायकांवर जी वेळ येते, ती अशा बाईने घरच्यांना स्पष्ट सांगून टाळली पाहिजे.

विसाव्या आठवड्यात सोनोग्राफी करणाऱ्याने आणखी एक नोंद केली: उजव्या किडनीचा लघवी जमा होणारा भाग किंचित फुगलेला आहे. हे गरोदरपणात नेहमी दिसते. वाढणारे गर्भाशय थोडे उजवीकडे झुकते आणि किडनीतून मूत्राशयाकडे येणाऱ्या उजव्या मूत्रवाहिनीवर दाब पडतो. संप्रेरकांमुळे ती नळीही सैलावते. दोन किडन्या असतील तर या फुगण्याने क्रिएटिनीन हलतही नाही. मीनलकडे मात्र उजवीच तेवढी होती. म्हणून ‘किंचित फुगवटा’ एवढ्यावर न थांबता तो किती मिलिमीटर आहे, हे लिहून घेतले गेले. पुढे याच मापाने निदान सोपे केले.

तिसाव्या आठवड्यात डोहाळजेवण झाले आणि मीनल माहेरी गेली. मला वाटते, आपल्याकडच्या अशा बाळंतपणांत सर्वांत नाजूक वळण हेच आहे. शेवटच्या तिमाहीत किडनीवर ताण सर्वाधिक असतो, प्रीएक्लॅम्पसिया बहुधा तेव्हाच डोके वर काढतो आणि नेमके त्याच वेळी डॉक्टर बदलतात, प्रयोगशाळा बदलते, जुनी फाइल चिंचवडच्या कपाटात राहते. नव्या डॉक्टरांसमोर एकच सुटा आकडा येतो. क्रिएटिनीन मोजण्याच्या रसायनपद्धतीही वेगवेगळ्या आहेत आणि तेच रक्त दोन ठिकाणी दिले तर 0.1 किंवा 0.2 चा फरक निघू शकतो. मीनलच्या चिंचवडच्या डॉक्टरांनी म्हणून दोन गोष्टी केल्या. सगळे आकडे तारखेनिशी एका पानावर उतरवून दिले आणि माहेरी पोचल्या पोचल्या, कोणताही त्रास नसताना, नव्या प्रयोगशाळेत एकदा क्रिएटिनीन करायला सांगितले. ते 0.6 आले. नव्या जागेचा आधार आकडा ठरला. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी तपासणी तिथेच.

बत्तिसाव्या आठवड्यात 0.9 आले. कागदावर कोणतीही खूण नव्हती. मीनलला उजव्या कुशीत जडपणा वाटत होता, पण या दिवसांत कंबर दुखायचीच असे घरातल्या सगळ्यांना वाटले. त्या एका पानावर मात्र 0.8, 0.6, 0.5, 0.6, 0.9 अशी रांग होती. ती पाहून स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला त्याच दिवशी बार्शीला बोलावले.

एकच किडनी असलेल्या स्त्रीचे क्रिएटिनीन शेवटच्या तिमाहीत असे चढले की मुख्यतः दोन शक्यता समोर असतात आणि दोघींचे उपाय अगदी वेगळे असतात. एक म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया. त्याचे मूळ वारेत असते, रक्तदाब 140/90 किंवा त्यापुढे जातो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, यकृताच्या तपासण्या बिघडतात. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोटात वरच्या बाजूला दुखणे ही लक्षणे धोक्याची असतात आणि पुढे झटके येऊ शकतात. त्याचा खरा उपाय प्रसूती हाच, फक्त किती दिवस थांबता येईल एवढाच प्रश्न उरतो. दुसरी शक्यता म्हणजे लघवीचा मार्गच अडणे, गर्भाशयाच्या दाबाने किंवा मुतखड्याने. बागेतल्या नळीवर पाय पडल्यासारखे हे असते: किडनी ठणठणीत, वाट बंद. वाट मोकळी केली की किडनी सुधारते. मात्र जितका उशीर होईल तितके नुकसान आत साचत जाते.

मीनलचा रक्तदाब 118/74 होता. लघवीतले प्रथिनांचे प्रमाण मोजले, ते वाढलेले नव्हते. प्लेटलेट आणि यकृत ठीक. सोनोग्राफीत मात्र किडनीतला फुगवटा विसाव्या आठवड्याच्या मापाच्या दुपटीहून जास्त झालेला होता. मूत्राशयात मूत्रवाहिनीच्या तोंडाशी लघवीची धार येताना रंगीत डॉपलरमध्ये एरवी दिसते. ती डावीकडे वळून झोपवल्यावरही क्षीण दिसत होती. खडा दिसला नाही. क्ष-किरणांमुळे सीटी स्कॅन टाळला. गरज पडली असती तर रंगद्रव्य न टोचता एमआरआय करता आला असता.

चोवीस तास तिला डाव्या कुशीवर झोपवून, शिरेतून पाणी देऊन आणि लघवी मोजून पाहिले. पुष्कळ वेळा एवढ्याने दाब सैल होतो आणि आकडा उतरतो. तिचा 1.1 झाला आणि दिवसाची लघवी निम्म्यावर आली. ताप नव्हता, हे नशीब. तुंबलेल्या लघवीत जंतू असते तर एकट्या किडनीसाठी ती तासांची लढाई झाली असती. तिला सोलापूरला हलवले. तिथे मूत्ररोगतज्ज्ञांनी सोनोग्राफीच्या मदतीने मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट बसवला. ही दोन्ही टोकांना वळलेली मऊ, बारीक नळी असते. एक टोक किडनीत, दुसरे मूत्राशयात, पोटावर कुठेही चीर नाही. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनीन 0.7 वर आले. ही नळी गरोदरपणात लवकर क्षार धरते आणि आतून बुजते, त्यामुळे ती महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त ठेवायची झाल्यास बदलावी लागते. स्टेंट जमत नसेल तर पाठीतून थेट किडनीत नळी घालून लघवी बाहेरच्या पिशवीत काढतात. दिवस भरत आले असतील तर प्रसूतीच करून टाकण्याचाही विचार होतो.

मीनलचे दिवस अडतिसाव्या आठवड्यापर्यंत गेले आणि प्रसूती नैसर्गिक झाली. एक किडनी आहे म्हणून सिझेरियन करायचे, असा नियम नाही. ते प्रसूतीच्या नेहमीच्या कारणांसाठीच होते. एकटी किडनी नेहमीच्या जागी नसून ओटीपोटात उतरलेली असेल तर मात्र शस्त्रक्रियेआधी सर्जनला तिची नेमकी जागा ठाऊक असलीच पाहिजे. प्रसूतीनंतरच्या केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायची आणखी एक गोष्ट म्हणजे वेदनाशामके. प्रसूतीनंतर डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी सर्रास दिली जाते. ही औषधे किडनीकडे जाणारे रक्त कमी करतात. रक्तस्राव जास्त झालेला असेल किंवा शरीरात पाणी कमी पडले असेल तर एकट्या किडनीला ती जड जाऊ शकतात. पॅरासिटामॉलने भागवता येते. बाळंतिणीला ताकद यावी म्हणून घरी आणल्या जाणाऱ्या, घटक न लिहिलेल्या भस्मांच्या पुड्याही दूर ठेवाव्यात. त्यांतल्या काहींमध्ये शिसे किंवा पारा असतो.

प्रसूती झाली की किडनीची चिंता संपली असे वाटते, पण रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतो आणि तोवर पुष्कळजणी घरी गेलेल्या असतात. घरी यंत्र असेल तर त्या आठवड्यात रोज मोजावा, नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सताईंना सांगावे. गरोदरपणी तर दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. एकच किडनी असल्याचे तिथे स्वतःहून सांगावे आणि क्रिएटिनीन मागून घ्यावे, कारण नेहमीच्या तपासण्यांत ते दर वेळी असतेच असे नाही.

मीनलचा स्टेंट प्रसूतीनंतर काही आठवड्यांनी काढला. तीन महिन्यांनी क्रिएटिनीन पुन्हा 0.8 झाले, लघवीत प्रथिने नव्हती आणि फुगवटाही जवळजवळ गेला होता. गरोदरपणात लघवीतून प्रथिने जाऊ लागली असतील किंवा प्रीएक्लॅम्पसिया झाला असेल, तर तीन महिन्यांनंतरही ती प्रथिने उरली आहेत का, हे पाहणे चुकवू नये. उरली असतील तर किडनीचा मुळातला आजार तेव्हाच हाती लागतो आणि तो नेफ्रॉलॉजिस्टना दाखवायचा असतो. त्यानंतर मात्र वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनीन एवढेच पुरते. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी त्यातला शेवटचा आकडा शोधून ठेवा आणि माहेरी जाताना तो कागद बरोबर न्या.